पान ६७ टक्क्यांवर आणून स्क्रीनशॉट: सात महिन्यांच्या वापरानंतर

दर आठवड्याला मला चाळीस ओळींचा तक्ता ब्राउझरमधून सहकाऱ्यांना पाठवावा लागतो. आधी दोन तुकडे पाठवायचे आणि कुणीतरी हमखास दुसरा तुकडा उघडायचंच राहून जायचं. म्हणून झूम कमी करून एकाच स्क्रीनशॉटमध्ये सगळं बसवायला लागले. सात महिने झाले, आता ही पद्धत सोडणार नाही. पण ती नीट जमायला वेळ लागला.

माझा स्क्रीन १९२० × १०८०. तक्त्याची एक ओळ ३६ पिक्सेल उंच, वरचा भाग १५० चा, म्हणजे एकूण १५९० पिक्सेल हवेत. टॅब आणि पत्त्याची पट्टी जाऊन पानाला साधारण ९४० उरतात. ६७ टक्क्यांवर त्यात १४०० च्या आसपास मावतं, शेवटच्या पाच-सहा ओळी बाहेरच राहतात. क्रोममध्ये त्याखालची पायरी थेट ५० टक्के. सुरुवातीला मी तीच वापरली आणि फसले: १४ पिक्सेलची अक्षरं ७ वर आली, एका सहकाऱ्यानं 3 चा 8 वाचला आणि आकडा चुकीचा पुढे गेला. नंतर उपाय सापडला तो साधा होता. आधी `F11` दाबून पान पूर्ण स्क्रीनवर घ्यायचं, मग `Ctrl` आणि `-`. ६७ टक्क्यांवर १०८० मध्ये १६१२ पिक्सेल बसतात. चाळीसही ओळी आल्या, खाली थोडी जागासुद्धा उरली.

तरी अक्षर ९ पिक्सेलच्या थोडंसंच वर राहतं. इंग्रजी तेवढ्यात निभावतं, देवनागरी मात्र अडखळते, कारण मात्रा, अनुस्वार आणि रफार त्याच उंचीत बसवायचे असतात. फाइल तयार झाली की मी ती मूळ आकारात उघडते आणि घ-ध, भ-म वेगळे दिसतात का, ‘किंमत’वरचा अनुस्वार सुटा आहे का, एवढं बघते. तिथे धूसर असेल तर चित्र मोठं करून काही उपयोग नाही. जे पिक्सेल टिपलेच गेले नाहीत ते परत येत नाहीत.

अशा वेळी मी फायरफॉक्स उघडते, झूम तेवढाच ठेवते, `Ctrl+Shift+K` नं कन्सोल उघडते आणि हे लिहिते:

```
:screenshot --fullpage --dpr 2
```

यात पान दाट पिक्सेलमध्ये नव्यानं रेखलं जातं, त्यामुळे अक्षरं कोरीव येतात. फाइल जड होते, ते मला चालतं. ज्यांचा स्क्रीन ३८४० × २१६० आणि स्केलिंग २०० टक्के आहे, त्यांना याची गरजच पडू नये: तिथे तेच ६७ टक्के घेतले तरी अक्षराला जवळजवळ १९ पिक्सेल मिळतात.

दोन गोष्टी अजूनही खटकतात. झूम कमी केला की पानाला आपण रुंद झालो असं वाटतं, आणि काही पानं बाजूला नवा रकाना उघडून मांडणीच बदलतात. शिवाय झूम त्या साइटपुरता लक्षात राहतो, म्हणून काम झालं की `Ctrl+0`. आणि चित्र नेहमी पीएनजीमध्ये, मेसेजमधून पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये तोच अनुस्वार पुन्हा पुसला जातो.