डॅशकॅम थेट फ्यूज बॉक्सला जोडून आठ महिने: फ्यूज टॅपने मला काय शिकवलं

धरमपेठेत गाडी लावून अर्ध्या तासासाठी गेलो आणि परत आलो तर मागचा बंपर कोणीतरी खरवडून ठेवला होता. कॅमेरा होता, पण तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालायचा. चावी काढली की तोही बंद. तेव्हाच ठरवलं की आता याला फ्यूज बॉक्समधून कायमची लाइन द्यायची.

गाडी पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कॅमेरा मधल्या किमतीचा. हार्डवायर किट म्हणजे काडेपेटीएवढा एक डबा. त्याच्या एका टोकाला कॅमेऱ्याची ५ व्होल्टची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन वायरी: पिवळी कायम चालू राहणाऱ्या लाइनला, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनला, काळी बॉडीला. पिवळ्या आणि लाल वायरीसाठी एकेक फ्यूज टॅप लागतो. हा टॅप जुन्या फ्यूजच्या जागी बसतो. त्यात दोन खाचा असतात, पायांजवळच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज आणि वरच्या खाचेत आपल्या नव्या वायरीचा फ्यूज.

नोव्हेंबरात एका ॲक्सेसरीच्या दुकानात काम करून घेतलं. पोराने ऑनलाइन मागवलेले माझेच टॅप लावले आणि वरच्या खाचेत लाल, म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज टाकला. मी म्हटलं, "एवढा मोठा?" तर म्हणे, "असू द्या ना भाऊ, उडून उडून राहिला तर तुम्हीच याल परत." मीही मान डोलावली. त्या दिवशी दोन चुका झाल्या होत्या आणि त्यातली मोठी चूक माझीच होती.

पहिले तीन महिने ठीक गेले. फक्त रिंग रोडवर एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की कधीकधी कॅमेरा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी मेमरी कार्डाला दोष दिला, नवं कार्डही आणलं. मग फेब्रुवारीत एका सकाळी चारही चाकांत हवा भरायला पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला. लाल वायरीचा टॅप याच सॉकेटच्या फ्यूजच्या जागी बसवलेला होता. तिसऱ्या चाकाला पंपाचा आवाज मंदावला आणि गाडीत तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. स्टीअरिंगखालचं झाकण काढलं तर लाल वायरीचा टॅप हात लावू देत नव्हता, इतका तापलेला. खालची खाच एका बाजूने तपकिरी झाली होती. आणि फ्यूज? दोन्ही शाबूत.

मला हेच कळेना. इतकं तापलं तरी फ्यूज का नाही उडाला? ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टॅप घेऊन गेलो. त्याने मूळ फ्यूज खाचेत बसवला, बोटाने हलवला आणि तो डुलला. "हा तुमच्या गाडीचा मापच नाही भाऊ. बसल्यासारखा दिसते, पण धरून नाही राहिला."

घरी येऊन मुलीच्या कंपासमधली पट्टी घेतली. माझ्या गाडीत लो प्रोफाइल मिनी फ्यूज आहेत आणि मी मागवले होते साध्या मिनीचे टॅप. दोघांची रुंदी सारखीच, सुमारे ११ मिलिमीटर. वरून पाहिलं तर जुळे भाऊ. फरक उंचीत आहे. साधा मिनी पायांसकट साधारण १६ मिलिमीटर भरतो आणि त्याचे पाय प्लॅस्टिकच्या खाली चांगले बाहेर आलेले असतात. लो प्रोफाइल ९ मिलिमीटरच्या आत संपतो आणि त्याचे पाय प्लॅस्टिकच्या कडेलाच चिकटलेले, खाली जेमतेम डोकावणारे. साध्या मिनीच्या टॅपची पकड खोलवर असते, तिथपर्यंत हे आखूड पाय नीट पोचतच नाहीत. फ्यूज टोकावर उभा राहतो.

आता फ्यूज का उडाला नाही ते सरळ आहे. त्या सॉकेटचा मूळ फ्यूज १५ अँपिअरचा आणि पंप घेतो ९ च्या आसपास. करंट मर्यादेतच होता, फ्यूजला तक्रारीचं कारणच नव्हतं. फ्यूज पाहतो तो फक्त करंट, शेजारचा सांधा ढिला आहे की घट्ट हे त्याला कळत नाही. समजा त्या ढिल्या सांध्याचा रोध फक्त ०.२ ओहम झाला. ९ चा वर्ग ८१, गुणिले ०.२, म्हणजे १६ वॅट. जुना झिरोचा बल्ब जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत. कॅमेरा एकटा चालायचा तेव्हा करंट इतका कमी की काही जाणवत नसे. खड्ड्यात रीस्टार्ट होणं हीच काय ती खूण होती, आणि ती मी कार्डावर ढकलली.

म्हणून टॅप मागवण्याआधी गाडीतला एक फ्यूज उपटून हातात घ्या. तोही ज्या खाचेला जोडणार आहात तिथलाच, कारण एकाच बॉक्समध्ये दोन-तीन मापं असू शकतात. सुमारे १९ मिलिमीटर रुंद असेल तर जुना मोठा स्टँडर्ड. ११ असेल तर मिनी किंवा लो प्रोफाइल मिनी, मग उंची मोजायची. ९ असेल आणि उभट दिसत असेल तर मायक्रो टू. टॅप बसल्यावर त्यातला मूळ फ्यूज बोटाने हलवून बघा. तो हलता कामा नये.

आता दुसरी चूक, तो लाल १० अँपिअरचा फ्यूज. वरच्या खाचेतला फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतोच, तो त्या बारीक वायरीसाठी असतो. कॅमेऱ्यावर ५ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ७.५ वॅट. बॅटरीच्या १२ व्होल्टवर ते होतात ०.६३ अँपिअर, डब्यात थोडं वाया जातं ते धरून ०.७५. मीटर लावून पाहिलं तर रेकॉर्डिंग चालू असताना ०.५ च्या आतच होतं. छापलेला आकडा जास्तीत जास्तचा असतो.

उद्या दरवाजाजवळच्या खांबात वायर दबून सोलली आणि बॉडीला अर्धवट टेकली, समजा ७ अँपिअर वाहायला लागले. १० चा फ्यूज ते दिवसभर जाऊ देईल आणि किटची सुतळीएवढी वायर प्लॅस्टिकच्या मागे भाजत राहील. ३ चा फ्यूज दुपटीहून जास्त करंटवर काही सेकंदांत उडतो. मी जांभळा, म्हणजे ३ अँपिअरचा टाकला. राखाडी २ चाही चालला असता, पण लो प्रोफाइलमध्ये तो मला दुकानात मिळाला नाही. खालच्या खाचेत मात्र गाडीचा जो होता तोच आकडा परत, कमीही नाही आणि जास्तही नाही.

या वेळी सगळं स्वतः केलं, एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. टॅपला दिशा असते हे तेव्हा कळलं. खाचेच्या दोन तोंडांपैकी एकात बॅटरीकडून १२ व्होल्ट येतात, दुसरं सॉकेटकडे जातं. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामायिक आहे तो बॅटरीच्या तोंडात जायला हवा. तपासायची युक्ती त्याच इलेक्ट्रिशियनने सांगितली. खालची खाच रिकामी ठेवायची, फक्त वरचा जांभळा फ्यूज घालून टॅप बसवायचा, चावी फिरवायची आणि टॅपच्या वायरीवर मीटर धरायचा. १२ व्होल्ट दिसले तर दिशा बरोबर. काहीच नाही दिसलं तर टॅप काढून उलटा लावायचा. उलटा राहिला तर कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो. अर्ध्या अँपिअरने आकाश कोसळत नाही, पण सॉकेटचा फ्यूज उडाला की कॅमेराही गेला. माझ्या बॉक्समध्ये दोन शेजारच्या खाचांची दिशा एकमेकींच्या उलट निघाली, त्यामुळे अंदाजाने लावू नका.

पिवळ्या वायरीसाठी आधी आतल्या दिव्याचा फ्यूज निवडला होता. गाडी लॉक केल्यावर मीटरवर १२ व्होल्ट होते, दहा मिनिटांनी गायब. गाडीचा कंट्रोलर झोपायला जातो तेव्हा ती लाइनही तोडतो. शेवटी हझार्ड लाइटच्या फ्यूजवर गेलो, तिथे अर्धा तास थांबून पाहिलं, १२ व्होल्ट कायम होते. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोलर आणि स्टीअरिंग यांच्या फ्यूजना हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. खांबात पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्या, पुढून नको.

तेव्हापासूनचा अनुभव सांगतो. मे महिन्यात नवतपा चालू असताना गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये रोज आठ तास उभी होती. टॅप थंड, जांभळा फ्यूज तोच. रिंग रोडचे तेच खड्डे, पण कॅमेरा एकदाही रीस्टार्ट झाला नाही. हवेचा पंप दोनदा चालवला आणि दोन्ही वेळा मुद्दाम टॅपवर बोट ठेवलं, कोमट लागला. उन्हाने एक मात्र केलं, काचेवर कॅमेरा चिकटवणारी टेप जूनमध्ये सुटली.

पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत ३ अँपिअर-तास. ३५ ची बॅटरी रोजच्या वापरात ते सोसते. बॅटरी ठरावीक व्होल्टपर्यंत उतरली की कॅमेरा बंद करणारं किटवरचं बटण मात्र ११.६ व्होल्टवर लावलेलं आलं होतं, तिथपर्यंत उतरलेली बॅटरी जवळजवळ रिकामीच असते. मी १२.२ वर केलं. बाहेरगावी चार दिवस गेलो तेव्हा कॅमेरा मध्येच बंद झाला, पण गाडी पहिल्या चावीत सुरू झाली.

जुना तपकिरी टॅप अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. लो प्रोफाइलच्या पाकिटातले दोन टॅप उरले होते, ते शेजारच्या काकांना द्यायला गेलो, त्यांनी नुकताच कॅमेरा घेतलाय. त्यांच्या नव्या गाडीचा फ्यूज उपटला आणि पट्टी लावली. ९ मिलिमीटर. काका म्हणाले, "मंग हे तुमचे काऊन नाही बसणार?" टॅप परत खिशात टाकले आणि त्यांना मायक्रो टूचे शोधायला लावले.