‘सॅटेलाइट इंटरनेट’ म्हणून गळ्यात मारलेली छत्री

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमचं घर आहे. गावात फायबर पोचलेलं नाही आणि मोबाइलची रेंज गॅलरीच्या एका कोपऱ्यातच मिळते. धाकटा भाऊ व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो, त्यामुळे ‘चांगलं नेट घ्या’ हा त्याचा घोषा कायमचाच. तालुक्याच्या एका नेटवाल्याने नेमकं हेच हेरलं. मी नोकरीला पुण्यात असताना त्याने घरी येऊन वडिलांना सांगितलं, “अण्णा, हे थेट सॅटेलाइटचं नेट आहे. मधे वायरच नाही, म्हणून अडकायचा प्रश्नच नाही. गेमला पिंग आठ, लिहून देतो.” पिंग म्हणजे गेमचा संदेश सर्व्हरला जाऊन उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद; जितके कमी तितकं बरं. डिपॉझिट 3,500 रुपये, इन्स्टॉलेशन वेगळं, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ आणि वर दर महिन्याला 250 रुपयांचा ‘गेमिंग पॅक’. पावतीवर फक्त ‘वायफाय सामान’ असं लिहिलेलं. जीएसटी नंबर नाही, प्लॅनचं नाव नाही.

माझं काम नेटवर्कचंच आहे, म्हणून घरी आल्या आल्या गच्चीवर गेले. शेजाऱ्यांच्या डीटीएचच्या छत्र्या आग्नेयेकडे, वर आकाशाकडे तोंड करून होत्या. आमची छत्री मात्र आडवी, सरळ समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे रोखलेली! हे सॅटेलाइट नव्हतंच. 5 गिगाहर्ट्झवर चालणारी साधी वायरलेस लिंक होती, म्हणजे टॉवरवर एक रेडिओ आणि घराघरांवर एकेक छत्री. तंत्र म्हणून ते वाईट नाही. फसवणूक होती ती नावात आणि आकड्यांत.

त्याचा आठचा आकडा त्याच्या थापेलाच खोटं पाडत होता. डीटीएचसारखे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतात. गेमचा संदेश वर जाणार, खाली येणार, मग उत्तर पुन्हा वर आणि खाली, म्हणजे जवळपास 1,44,000 किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला 480 मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात 600च्या वर जातं. असल्या जोडणीवर बुद्धिबळ खेळा, गोळीबार नको. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथे साधारण 25 ते 60 मिळतं. पण तिथेही दर 15 सेकंदांनी जोडणीची फेरआखणी होते आणि मधूनच पिंग उसळतं. आकाशातून येणारं आठ पिंग आज कुणीच विकत नाही.

(जाता जाता: स्टारलिंकच्या नावाने कुणी दलाल ‘बुकिंग’ मागत असेल तर एक पैसाही देऊ नका. 2021मध्ये कंपनीने परवान्याआधीच आगाऊ नोंदणी घेतली, सरकारने लोकांना सावध केलं आणि नंतर कंपनीला पैसे परत करावे लागले. परवाना मिळाला तो 2025च्या जूनमध्ये.)

मग त्याने अण्णांना मोबाइलवर दाखवलेलं आठ आलं कुठून? स्पीड टेस्टचं ॲप जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं आणि तो सर्व्हर या नेटवाल्याच्याच जाळ्यातला होता. म्हणजे मोजलं काय, तर आमच्या गच्चीपासून त्याच्या ऑफिसपर्यंतचं अंतर. गेमचा सर्व्हर मुंबईत. शिवाय चाचणी सकाळी अकराला, सगळी पोरं शाळा-कॉलेजात असताना. हल्ली ते ॲप पिंगचे तीन आकडे देतं: लाइन रिकामी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. पठ्ठ्याने अण्णांना पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पहिलाच आकडा ठेवून खालचे दोन कापले होते.

रात्री नऊला भाऊ खेळायला बसला. गेमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा आलेख चालू करता येतो. पिंग 30, 35, एकदम 140, पुन्हा 40. शत्रू भिंतीआड गेलेला दिसायचा आणि तरी मरायचा आपलाच खेळाडू. या चढउताराला जिटर म्हणतात आणि गेमचा खेळखंडोबा तोच करतो. एसटी रोज वीस मिनिटं उशिरा येत असेल तर आपण तसं निघतो. कधी वेळेवर, कधी तासाने आली की नियोजनच होत नाही. कायम 60 पिंग असलेल्या लाइनवर भाऊ मजेत खेळतो. सरासरी 40 पण 20 ते 140 नाचणाऱ्या लाइनवर नाही.

तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: “ताई, वर ढग आलेत.” मार्च महिना, आभाळ निरभ्र. आणि ढग असते तरी काय? 5 गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरावर पावसानेही फारसा फरक पडत नाही; मधे आलेल्या झाडांनी, त्यातही ओल्या पानांनी मात्र पडतो. मी लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत हे चालवलं:

```
tracert -d 8.8.8.8
ping -n 200 10.20.0.1
```

पहिल्या आज्ञेत वाटेतले टप्पे दिसतात. पहिला टप्पा आपला राउटर, दुसरा टॉवरवरचा. आमच्याकडे तो `10.20.0.1` होता, तुमच्याकडे जो दिसेल तो घाला. सकाळी हा दुसरा टप्पा 3-4 मिलिसेकंदांवर ठाम होता. रात्री तोच 20 ते 190 आणि मधूनमधून `Request timed out`. राउटर मात्र तेव्हाही 1वर. म्हणजे बिघाड आमच्या घरात नाही, मुंबईतही नाही; गच्ची आणि टॉवरच्या मधल्या हवेत आहे. एका रेडिओवर त्याने इतकी घरं लटकवली होती की रात्री प्रत्येकाला बोलायची पाळी येईपर्यंत रांग लागायची. टॉवरचा टप्पा स्थिर राहून पुढचे टप्पे उसळले असते, तर दोष त्याच्या पुढच्या लाइनचा धरला असता.

‘गेमिंग पॅक’ म्हणजे काय, तर स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर आपला वेगळा पत्ता. त्याने स्वतः गेम होस्ट करता येतो, मित्रांशी जोडणी सोपी जाते. पिंग एका मिलिसेकंदानेही उतरत नाही. रांग तीच, रेडिओ तोच.

हीच छत्री प्रामाणिकपणे चालवली, एका रेडिओवर मोजकी घरं ठेवली, समोर टॉवर स्वच्छ दिसत असला, तर मुंबईच्या सर्व्हरला 15 ते 35 पिंग आणि पाचेक जिटर मिळणं अशक्य नाही. सिमवरच्या 5जी डब्याला चांगल्या सिग्नलमध्ये 25 ते 50 धरा, 4जीला 40 ते 80, आणि जिटर दहा-वीसचा. त्या डब्याची गोम वेगळी: घरात कुणी फोटो अपलोड करायला लागलं की पिंग दोनशेपार जातं, कारण पाकिटं मोडेममध्ये साचतात. राउटरला `SQM`, म्हणजे पाकिटांची रांग आवरणारी सोय, असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या 80-85 टक्क्यांवर ठेवली की ते बरंचसं आटोक्यात येतं. आम्ही शेवटी तेच केलं. गॅलरीच्या त्या कोपऱ्यात सिमचा राउटर, तिथून वायर आत. आधी फोनचं सिम वापरून, यूएसबीने लॅपटॉपला जोडून, रात्री नऊलाच तपासलं आणि मगच डबा घेतला.

नेटवाल्याकडे इंटरनेट सेवेचा परवाना क्रमांक लेखी मागितला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915ला, तक्रार नोंदवली. सोबत सकाळ-रात्रीच्या चाचण्या, छत्रीचा फोटो आणि ‘थेट सॅटेलाइट’ लिहिलेलं त्याचं पत्रक जोडलं. छत्री काढून नेली, डिपॉझिट आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं परत आलं. इन्स्टॉलेशनचे पैसे काही तो देत नाही, आणि ‘वायफाय सामान’ लिहिलेल्या पावतीवर ते मागायला जागाही फारशी नाही.