गव्हाचा तांबेरा: एका मोठ्या जनुकाचा वाण घ्यावा की 'हळू तांबेरणारा'?

तांबेऱ्याचा एक फोडही न येणारा वाण आणि थोडा तांबेरा येऊ देणारा वाण समोर असेल, तर हात आपोआप पहिल्याकडे जातो. पण तो स्वच्छपणा कशावर उभा आहे, हे पाहायला हवं.

पहिल्या प्रकारात गव्हातलं एक जनुक बुरशीचं एक विशिष्ट प्रथिन ओळखतं. ओळख पटली की तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि जिवंत पेशींवरच जगणारी बुरशी उपाशी राहते. एच. एच. फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर हे दाखवलं: पिकाच्या प्रत्येक प्रतिकार-जनुकाला बुरशीत एक जोडीचं जनुक असतं. म्हणूनच बुरशीने ते एकच प्रथिन बदललं किंवा गमावलं की कुलूप उघडतं. वाऱ्यावर उडणाऱ्या असंख्य बीजाणूंत असा एखादा निघतोच. एरवी त्याला फारसा भाव नसतो, पण मैलोन्‌मैल एकच वाण असेल तर तिथे वाढू शकणारा तो एकटाच. वाण 'बिघडत' नाही, समोरची बुरशी बदलते.

पीबीडब्ल्यू ३४३ चं हेच झालं. १९९५ मध्ये आलेला हा वाण पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात प्रचंड क्षेत्रावर पसरला. त्यातल्या वायआर९ या प्रतिकार-जनुकाला चुकवणारी पिवळ्या तांबेऱ्याची जात १९९६ च्या सुमारास सापडली, तरी वायआर२७ मुळे वाण तगला. २००१ च्या सुमारास दोन्ही जनुकांना चकवणारी ७८एस८४ ही जात आली आणि पुढच्या दशकभरात वाण मागे पडला.

दुसऱ्या प्रकारात एलआर३४ सारखी जनुकं असतात. ती बुरशीला ओळखून मारत नाहीत, तिची वाढ मंदावतात: फोड उशिरा, लहान आणि कमी येतात. एलआर३४ अर्धशतकाहून अधिक काळ टिकलं आहे. त्याची खूण म्हणजे ओंबीलगतच्या झेंडापानाचं टोक वाळणं. अनेकदा लोक ती अन्नद्रव्यांची कमतरता समजतात. उणीव मात्र खरी आहे: रोपावस्थेत संरक्षण जवळपास नसतं आणि एकटं जनुक जोराच्या साथीत अपुरं पडतं. अशी चार-पाच जनुकं एकत्र असतील तरच पीक जवळजवळ स्वच्छ राहतं.

महाराष्ट्रात उष्णतेमुळे पिवळा तांबेरा सहसा येत नाही. इथे पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा तांबेरा पाहावा लागतो. हिशेब तोच. आमचा कल मंद तांबेरणाऱ्या वाणाकडे, आणि मोठ्या जनुकाचा वाण हवाच असेल तर सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका.

मोठ्या जनुकाच्या वाणावर पान बोटाने चोळून पाहा. नुसते फिकट, कोरडे ठिपके असतील तर प्रतिकार चालू आहे. बोटाला नारिंगी भुकटी लागली आणि ती भरपूर असेल, तर कुलूप उघडलं समजा. तेव्हा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, लिटरला १ मिली, एकरी २०० लिटर पाण्यातून फवारा.