डेमोचा तपशील: व्हिडिओवर की वर्णनात?

पाउच पॅकिंग मशीनच्या डेमोत क्षमता, वीजजोडणी, चौकशीचा नंबर व्हिडिओवरच छापला, तर तो फॉरवर्डमध्येही टिकतो. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की वर्णन मागेच राहतं. पण नंबर बदलला की पुन्हा एडिट, पुन्हा अपलोड, आणि जुने व्ह्यूज गेले.

वर्णन केव्हाही दुरुस्त करता येतं, शोधालाही उपयोगी पडतं. यूट्यूबवर ५००० अक्षरांची मुभा आहे, पण न उघडता दिसतात जेमतेम पहिल्या ओळी. बरेच जण तिथे कंपनीचा इतिहास लिहितात! त्याऐवजी लिहा: ‘डिटर्जंट पावडर, ५० ते २०० ग्रॅम, मिनिटाला ३० पाउच, सिंगल फेज’, आणि लगेच नंबर. वजन गाळलं की एक किलोवाल्यांचेच फोन येत राहतात.

मी तपशील वर्णनातच ठेवेन. व्हिडिओवर फक्त मॉडेल क्रमांक आणि वेबसाइट.