कापड, पॅड की कप: शाळेचे साडेसात तास धरून केलेली तुलना

आठवीतली एक मुलगी पावणेसातला घर सोडते आणि सव्वादोनला परत येते. मधली सुट्टी दहा वाजता. शाळेच्या संडासाला कडी आहे, पण नळ बाहेर, सगळ्यांसमोर. पाळीचा दुसरा दिवस, म्हणजे सगळ्यात जास्त रक्त जाण्याचा. आता तिने काय वापरावं? ‘सगळ्यात चांगलं काय’ असं नुसतं विचारलं तर याचं उत्तर मिळत नाही. तिला बदलायला कुठे मिळतं, हात कुठे धुता येतात आणि वापरलेलं कुठे ठेवता येतं, हे आधी बघावं लागतं.

पॅड वापरलं तर हिशोब सोपा आहे. निघताना नवीन लावायचं, दहाला बदलायचं, घरी आल्यावर पुन्हा बदलायचं. चार ते सहा तासांत पॅड बदलावं, मग ते भरलेलं दिसो वा न दिसो. पॅडमधली जेल ओल शोषून घेते, त्यामुळे वरून कोरडं वाटतं आणि मुली दिवसभर एकच पॅड ठेवतात. त्वचा मात्र झाकलेली, घामेजलेली राहते. मांड्यांच्या आत लाल चट्टे, आग, खाज सुरू झाली, तर बहुतेक वेळा दोष पॅड फार वेळ ठेवण्याचा किंवा सुगंधी पॅडचा असतो. बिनवासाचं पॅड घेऊन वेळेवर बदललं की बहुतेकींचा त्रास थांबतो. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकायचं. संडासात टाकलं तर ते फुगतं आणि पाइप तुंबतो.

कापडाची बदलण्याची वेळ तीच, चार ते सहा तास, फक्त काम दुप्पट. दहाला काढलेली घडी पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत घालून घरी आणावी लागते. ती आधी थंड पाण्यात धुवायची, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग धाग्यात पक्का बसतो. मग साबण लावून पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं आणि उघड्यावर, उन्हात वाळवायचं. कापडाची खरी अडचण इथेच येते. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते दुसऱ्या कपड्यांखाली किंवा कपाटामागे वाळत घातलं जातं आणि आतून दमटच राहतं. दमट घडीने खाज सुटते, त्वचा सोलवटते, बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. वाळलं की नाही हे ओळखायला घडीची शिवण गालाला लावून बघ. गार लागली तर अजून ओल आहे. ऊन नसेल तेव्हा गरम इस्त्री फिरव. धुऊन नीट वाळवलेलं सुती कापड पॅडपेक्षा जराही कमी नाही, हे मी ठामपणे सांगते. ‘कापड म्हणजे घाण’ असं म्हणणाऱ्यांनी वाळवायला दोरी मिळत नाही, ही मुलींची खरी अडचण कधी विचारात घेतलेली नसते.

कपाचा हिशोब वेगळाच आहे. तो सिलिकॉनचा असतो, योनीच्या आत बसतो आणि रक्त शोषत नाही, साठवतो. आकाराप्रमाणे त्यात साधारण 15 ते 30 मिली मावतं. पूर्ण पाळीत सरासरी 30 ते 40 मिली रक्त जातं, त्यामुळे आपल्या आठवीतल्या मुलीने साडेसहाला कप बसवला आणि सव्वादोनला घरी येताच रिकामा केला, तर शाळेत तो काढावाच लागत नाही. बाहेरच्या नळाचा प्रश्नच मिटला. पण पाळी फार जोराची असेल तर कप त्याआधीही भरतो, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने सोबत पातळ पॅड लावावं.

आता ज्या भीतीमुळे कप बाजूला ठेवला जातो, तिच्याबद्दल. टॉक्सिक शॉक सिंड्रोम या आजाराचं नाव 1978 मध्ये पुढे आलं. 1980 मध्ये तो अतिशोषक टॅम्पॉन, म्हणजे योनीच्या आत घालायचा रक्त शोषणारा बोळा, वापरणाऱ्या बायकांमध्ये मोठ्या प्रमाणात दिसला आणि तेव्हापासून पाळीशी जोडला गेला. तो स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या विषामुळे होतो. हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. विष तयार व्हायला त्याला हवा लागते, आणि आत घातलेली वस्तू थोडी हवा आत नेते. त्यातही जंतूचा प्रकार विष बनवणारा असावा लागतो आणि शरीरात त्या विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती नसावी लागते. वय वाढतं तशी ही शक्ती बहुतेकांमध्ये तयार होते. म्हणून लहान वयात सावधगिरी जास्त, तरी आजार अत्यंत दुर्मीळच. कापड आणि पॅड शरीराबाहेर असल्यामुळे टॅम्पॉनसारखा धोका त्यांना लागू होत नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’च्या सार्वजनिक आरोग्य नियतकालिकात कपांवरच्या 43 अभ्यासांचा आढावा आला. त्यात सुमारे 3,300 जणींची माहिती होती आणि या आजाराच्या पाच नोंदी सापडल्या. म्हणजे कपाने तो होऊच शकत नाही असं नाही, पण फार क्वचित होतो.

त्यामुळे कप वापरणारीने काही गोष्टी पाळायच्याच. हात साबणाने धुतल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही आणि नखं कापलेली हवीत. बहुतेक कपांवर जास्तीत जास्त बारा तास लिहिलेलं असतं, पण मी शाळकरी मुलींना आठ तासांच्या आत काढायला सांगते. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप उकळत्या पाण्यात पाच मिनिटं पूर्ण बुडवून उकळायचा. काढताना नुसतं देठ ओढायचं नाही. उकिडवं बसून कपाचा तळ चिमटीत दाबायचा, म्हणजे आतली पकड सुटते. देठ हाताला लागलं नाही तर घाबरू नकोस, कप पोटात हरवत नाही. थोडा वेळ शांत बसून हलकासा जोर लावला की तो खाली येतो.

आणि हा आजार ओळखायचा कसा? पाळीत पोट दुखतं, मळमळतं, एखादीला उलटीही होते, पण त्याने 102 फॅरनहाइट ताप येत नाही. कप आत असताना एकाएकी तेवढा ताप चढला, सोबत उलट्या किंवा जुलाब, उभं राहिल्यावर चक्कर, अंगदुखी, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा यातलं काही दिसलं, तर कप लगेच काढ आणि त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग, ‘पाळी चालू आहे, कप वापरत होते.’ लाजेने हे न सांगितल्यास निदान हुकू शकतं. एकदा हा आजार झाला तर पुन्हा कप किंवा टॅम्पॉन वापरू नये.

या सगळ्यानंतर माझा सल्ला असा: पाळी नुकतीच सुरू झाली असेल तर शाळेत पॅड आणि घरी उन्हात वाळवलेलं कापड. शाळेत कचरापेटी नसेल तर तिथेही कापड आणि बंद पिशवी. पाळीचा अंदाज आला, स्वतःच्या शरीराला हात लावायची भीती गेली आणि घरात कप उकळायला स्वतंत्र भांडं मिळालं की लहान आकाराचा कप आणावा. तो पहिल्यांदा वापरायचा तो सुट्टीच्या दिवशी, घरात, दार लावून, घाई नसताना. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत तो नीट न बसणं, थोडं गळणं हे चालतंच. आतून टोचत असेल तर त्याची घडी पूर्ण उघडलेली नाही. बोट कपाभोवती फिरवून बघ, कुठे दुमड लागली तर कप किंचित फिरव.