सात महिने ४३ इंची स्मार्ट टीव्हीसोबत: फोन धावतो, टीव्ही अडतो

टीव्ही घेऊन सात महिने झाले. चित्र छान, आवाज ठीकठाक, रिमोट हलका. त्यावर फार लिहीत नाही. लिहायचंय ते त्या गोल फिरणाऱ्या चक्राबद्दल, कारण पहिले तीन महिने आम्ही मालिकेपेक्षा तेच जास्त पाहिलं.

घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राउटर दाराजवळच्या पॅसेजमध्ये, टीव्ही हॉलच्या भिंतीवर, मध्ये एक विटांची भिंत. टीव्हीखाली सोफ्यावर बसून फोनवर वेग मोजला की ९० दाखवायचा, आणि वर टीव्ही अडकलेला. "नेट तर फास्ट आहे, तुझा टीव्हीच बोगस," असं भाऊ म्हणाला. दुरुस्तीवाल्याचंही तेच मत.

पहिला सल्ला मिळाला डीएनएस बदलायचा. टीव्हीत तो बदलायला आयपी सेटिंग स्टॅटिक करावं लागलं आणि पत्ता हाताने भरावा लागला. मी 192.168.1.8 टाकला, डीएनएस 8.8.8.8. अ‍ॅप उघडायला जरा कमी वेळ लागू लागल्यासारखं वाटलं, पण चक्र तिथेच. चार दिवसांनी तर टीव्हीचं नेटच गेलं, कारण राउटरने तोच पत्ता आईच्या फोनला देऊन टाकला होता. डीएनएसचं काम नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देण्याचं. अ‍ॅप उघडतच नाही, पोस्टर येत नाहीत, तर त्याच्यावर संशय घ्यावा. व्हिडिओ सुरू होऊन दहा मिनिटांनी थांबत असेल तर सहसा त्याचा दोष नसतो. मी सेटिंग पुन्हा डीएचसीपीवर नेलं, म्हणजे पत्ता राउटरनेच द्यायचा.

मग एक गोष्ट लक्षात आली. दुपारी टीव्ही नीट चालतो, रात्री नऊनंतर अडतो. यूट्यूबमध्ये Stats for nerds सुरू केलं. त्यात Buffer Health म्हणून एक आकडा असतो, पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ साठलाय ते सांगणारा. दुपारी तो भरलेला असायचा, रात्री उतरत उतरत शून्यावर यायचा आणि चित्र थांबायचं.

आमच्या राउटरवर वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव होतं. फोन गुपचूप ५ वर जायचा, टीव्ही २.४ वर. म्हणजे मी इतके दिवस दोन वेगळ्या रस्त्यांवरच्या गाड्यांची तुलना करत होतो. राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही बँडना वेगळी नावं दिली, फोन मुद्दाम २.४ वर जोडला, टीव्हीला चिकटवून धरला आणि रात्री साडेनऊला वेग मोजला. फोन १९, टीव्ही ६.

या दोन आकड्यांनी सगळं उलगडलं. फोनसुद्धा ९० वरून १९ वर आला, तो शेजारपाजारच्या गर्दीमुळे. २.४ वर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या मजल्यावर रात्री वीसेक राउटर दिसतात. पण १९ आणि ६ मधला फरक टीव्हीचा स्वतःचा. त्याचा अँटेना पाठीमागे पॅनेलच्या आत, समोर लोखंडी ब्रॅकेट आणि भिंत. ब्रॅकेटवर टीव्ही वीतभर पुढे ओढला तर ६ चे ११ झाले. फोरकेला साधारण १५ लागतात, तेव्हा ते पुरेसे नव्हतेच.

आता ५ वर न्यायचं, तर टीव्हीच्या यादीत ते नावच येईना. मी जवळजवळ धरूनच चाललो होतो की यात ५ नाहीच. स्वस्त टीव्हींमध्ये खरंच नसतं. पण माहितीपत्रकात होतं. राउटरने आपणहून चॅनेल १०० निवडला होता. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात आणि बरीच उपकरणं ते दाखवतच नाहीत. ऑटो काढून ३६ केला, दोन मिनिटांत नाव आलं. वेग ४० च्या आसपास, रात्रीही.

एक फसवणूक मात्र राहिली. एकदा वीज जाऊन आली आणि टीव्ही पुन्हा जुन्या २.४ वर जाऊन बसला, कारण ते नाव त्याच्या लक्षात होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते विसरायला लावलं.

त्यानंतर चित्रपट, मालिका कधी अडल्या नाहीत. क्रिकेटचं थेट प्रक्षेपण मात्र मधूनमधून अडायचं. थेट असल्याने पुढचं फारसं साठवता येत नाही, सिग्नल क्षणभर पडला की लगेच दिसतं. शेवटी पंधरा मीटरची लॅन केबल दाराच्या चौकटीवरून फिरवली. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० चंच आहे, त्यामुळे ९४ च्या वर जात नाही, पण ते ९४ हलतही नाहीत. वायर दिसते वाईट. आईने तिच्यावर तोरण सोडलंय.