एडनाचा समुद्र की एडनाचा जमाखर्च? 'द अवेकनिंग'ची दोन वाचनं

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात केट शोपँची 'द अवेकनिंग' आहे. मांडणी जिच्याकडे आहे त्या मैत्रिणीने विचारलं, "स्त्रीवादी वाचन करायचं, हे ठरलंय. पण कुठलं? दोन सापडलीत आणि दोन्ही पटतात." तिला फोनवर जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढते आहे. अशी निवड करायची वेळ आणखीही कुणावर येत असेल.

कादंबरी 1899ची, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समधली. एडना पाँटेलिए अठ्ठावीस वर्षांची, नवरा लेओन्स चाळिशीचा दलाल, दोन लहान मुलगे. उन्हाळ्यात ग्रँड आइल बेटावर ती पोहायला शिकते, रॉबेर नावाच्या तरुणात गुंतते, शहरात परतल्यावर संसाराचे एकेक रिवाज सोडते, स्वतःचं छोटं घर घेते, आणि शेवटी त्याच बेटावर येऊन एकटीच समुद्रात पोहत जाते, परत न येण्यासाठी. शेवट आधीच सांगून टाकला. पण दोन्ही वाचनांचा वाद शेवटावरूनच असल्यामुळे इलाज नाही.

पहिल्या वाचनाला मी 'समुद्राचं वाचन' म्हणते. ते एडनाच्या आत काय घडतं ते बघतं. पियानो ऐकताना तिला रडू फुटतं, त्याच रात्री ती पहिल्यांदा कुणाच्या आधाराशिवाय पोहते, आणि इथून पुढे प्रत्येक पायरीवर 'बायको' आणि 'आई' हे कपडे उतरवत जाते. शेवटी खरोखरचे कपडेही. सँड्रा गिल्बर्टने 1983च्या लेखात एडनाला समुद्रातून आलेल्या ग्रीक प्रेमदेवता अॅफ्रोडाइटीच्या वळणावर नेऊन ठेवलं आहे. या वाचनात शेवट म्हणजे हार नसते, एक प्रकारची सुटका असते.

दुसरं 'जमाखर्चाचं वाचन'. ते विचारतं, की एडना कुणाच्या मालकीची आहे, तिच्याकडे स्वतःचे किती पैसे आहेत, आणि ती समुद्रावर असताना तिची मुलं कोण सांभाळतं? मार्गिट स्टँजने 1989मध्ये कादंबरीतल्या मालमत्तेच्या भाषेवर लिहिलं. एलिझाबेथ अॅमन्सने 1991मध्ये पुढचा, जास्त बोचरा मुद्दा काढला: ही मोकळीक ज्या काळ्या बायकांच्या कष्टांवर उभी आहे, त्यांच्या गोष्टीला कादंबरीत जागा नाही.

दोन्ही वाचनं एकाच प्रसंगावर लावून बघितली की फरक कळतो. तिसरं प्रकरण घ्या. लेओन्स रात्री अकराला हॉटेलातून बिलियर्ड खेळून येतो. बायको झोपेत आहे आणि आपल्या गप्पांना नीट उत्तर देत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. मग तो मुलांच्या खोलीत डोकावतो आणि येऊन सांगतो, राऊलला ताप आहे. मुलाला ताप नाही, झोपताना तो ठणठणीत होता, हे एडनाला पक्कं माहीत असतं. पण 'मुलांकडे लक्ष द्यायचं काम आईचं नाही तर कुणाचं' हे ऐकवल्यावर ती उठून बघून येते. लेओन्स सिगार संपवून अर्ध्या मिनिटात झोपतो. ती बाहेर व्हरांड्यात बसून रडते. का रडते ते तिलाच सांगता येत नाही. शेवटी डासच तिला आत पाठवतात.

सकाळी तो शहरात जायला निघतो आणि हॉटेलात जिंकलेल्या पैशांतले निम्मे तिच्या हातावर ठेवतो. काही दिवसांनी त्याच्याकडून खाऊचा भरगच्च खोका येतो. बेटावरच्या सगळ्या बायका म्हणतात, मिस्टर पाँटेलिएंसारखा नवरा जगात नाही. आणि एडनाला कबूल करावं लागतं, की याच्यापेक्षा चांगला आपल्यालाही माहीत नाही.

समुद्राचं वाचन व्हरांड्यावर थांबतं: नाव नसलेलं दुःख, जागं होऊ पाहणारं मन. ते खरंच आहे. पण जमाखर्चाचं वाचन सकाळच्या पैशांपर्यंत आणि खोक्यापर्यंत जातं, आणि प्रसंगाची धार तिथे आहे. तक्रार करायला जागाच उरत नाही, कारण बाजारात याहून चांगला माल नाही. निवड किती अरुंद आहे हे लेखिका कोंडून ठेवलेली बायको दाखवून सांगत नाही. सर्वोत्तम नवरा दाखवून सांगते.

मराठी वाचकांच्या गटात इथे एक आक्षेप हमखास येतो. 'पण लक्षात कोण घेतो?' 1893मध्ये पुस्तकरूपात आली, म्हणजे दोन्ही कादंबऱ्या एकाच दशकातल्या. यमूचं जबरदस्तीने केशवपन झालं. एडनाला काय दुःख होतं? नोकरचाकर, समुद्रकिनारा, खाऊचे खोके. समुद्राच्या वाचनाकडे याला उत्तर नाही. 'आत्म्याची तहान' म्हटलं की समोरच्या काकू चष्मा पुसायला लागतात. जमाखर्चाकडे उत्तर आहे, कारण ते दुःखाचं माप काढत बसत नाही. कायद्याने कुणाच्या हातात काय होतं, एवढंच बघतं. लुइझियानाच्या तेव्हाच्या कायद्यात करार करायला अपात्र माणसांच्या यादीत अज्ञान मुलं आणि वेडे यांच्या जोडीला विवाहित स्त्रिया होत्या. नवरा-बायकोच्या सामाईक मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे असे.

हे लक्षात ठेवून सव्विसावं प्रकरण वाचावं. एडना पियानोवादक माद्मवाझेल राइसला सांगते, मी कोपऱ्यावरच्या चार खोल्यांच्या घरात राहायला जाते आहे. पैसे कुठून? आईच्या इस्टेटीतलं थोडं, जे वडील तुकड्यातुकड्याने पाठवतात. हिवाळ्यात घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेले. आणि चित्रं आता थोडी विकली जायला लागलीत. म्हणजे माहेरचा वारसा, जुगार आणि कला. यातलं फक्त तिसरं तिने कमावलेलं, आणि तेच सगळ्यात बेभरवशाचं. मोठं घर आपलं कधीच वाटलं नाही, ते त्याच्या पैशांचं आहे, असं तिला वाटतं. पण निघण्यापूर्वीच्या जंगी मेजवानीचं बिल लेओन्सने भरावं, असं ती हसत ठरवून टाकते. समुद्राच्या वाचनातून हे बिल साफ निसटतं. माझ्या मते संसारातून बाहेर पडणाऱ्या बाईबद्दल इतकं खरं वाक्य कादंबरीत दुसरं नाही. बाहेर पडणं असंच अर्धवट असतं, दोन्ही घरांच्या किल्ल्या पर्समध्ये ठेवून.

आणि लेओन्स? तो बाहेरगावी आहे. पत्र मिळाल्यावर त्याला पहिली चिंता पडते ती बाजारातल्या आपल्या नावाची. लोक म्हणतील, पाँटेलिएचे पैसे बुडाले. मग तो एका नामांकित वास्तुविशारदाला घराच्या नूतनीकरणाचं काम देतो आणि वर्तमानपत्रात मजकूर छापून आणतो, की पाँटेलिए दांपत्य उन्हाळ्यात परदेशी जायच्या विचारात आहे आणि एस्प्लनेड रस्त्यावरच्या त्यांच्या निवासस्थानात भव्य फेरबदल चालू आहेत. झालं. बायकोने घर सोडलं नाही, घराचं काम निघालं! तो हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. तिच्या एकुलत्या एका कृतीचा अर्थच काढून घेतो. हे पान मांडणीत वाचून दाखवाच, ऐकणारे आधी हसतात आणि मग गप्प होतात.

मग जमाखर्चाचंच वाचन घ्यावं का? कल माझा तिकडे आहे, पण त्याची खोट सांगायला हवी. ते हाती आलं की माणूस प्रत्येक वाक्यात मालमत्ता शोधायला लागतो. गटातल्या एकीने मागे एका वेगळ्या कादंबरीचं असं वाचन केलं होतं. अर्ध्या तासात पात्रं नाहीशी झाली, नुसती खतावणी उरली. एडनाच्या बाबतीत हे फसलं की लगेच कळतं: सदतिसाव्या प्रकरणानंतर बोलायला काही उरत नाही. तिथे मैत्रीण अडेलचं बाळंतपण चालू आहे. ते बघून आलेल्या एडनाच्या कानात तिचे शब्द घुमत राहतात, 'मुलांचा विचार कर.' याआधी एडना म्हणालेली असते, की मुलांसाठी पैसा देईन, जीवही देईन, पण स्वतःला देणार नाही. हा 'जीव' आणि 'स्वतः' यांतला फरक कुठल्याच हिशोबात मांडता येत नाही. तो समजून घ्यायला समुद्राचं वाचनच लागतं.

उलट समुद्राचं वाचन घसरतं ते शेवटाच्या जरा आधी. रॉबेर म्हणतो, मी स्वप्न बघत होतो की तुझा नवरा तुला मोकळी करेल. एडना सांगते, मी आता मिस्टर पाँटेलिएंची वस्तू नाही. 'घे रॉबेर, ही तुझी' असं ते म्हणाले तर मला तुम्हा दोघांचंही हसू येईल. रॉबेरचा चेहरा पांढरा पडतो. घरी परतते तेव्हा चिठ्ठी ठेवून तो गेलेला असतो. म्हणजे प्रियकरालाही ती हवी होती, पण मालकाच्या संमतीने. नवरा, प्रियकर आणि मुलं, तिन्ही वाटा दोन-तीन प्रकरणांत बंद होतात, आणि मगच ती समुद्राकडे जाते. हे न सांगता 'सुटका' म्हणणं म्हणजे तीन दारं आपणच लावून घेऊन, ती खिडकीतून गेली याचं कौतुक करण्यासारखं आहे.

म्हणून मैत्रिणीला सुचवलं ते असं. दीड तास असेल आणि गटातल्या बऱ्याच जणींनी पुस्तक वाचलेलं असेल, तर जमाखर्च घे, आणि शेवटच्या तीन प्रकरणांना तो बाजूला ठेव. बहुतेकींनी वाचलेलं नसेल तर समुद्र घे. निदान पुस्तक उघडावंसं तरी वाटेल. दोन्ही अर्धी अर्धी मात्र घेऊ नकोस.

जमाखर्च घेतलास तर अॅमन्सचा मुद्दा वगळू नकोस, जरी त्याने आपली नायिका थोडी खाली येत असली तरी. पहिल्याच प्रकरणात मुलांच्या मागे एक मिश्रवंशीय दाई चालते, कुठेतरी हरवल्यासारखी. तिला नाव नाही. पुढे एडना चित्रं काढायला लागते तेव्हा तिलाच तासन्‌तास समोर बसवते. छोट्या घरात सगळं स्वतःचं असणार म्हणताना एडना ओघात सांगून जाते, की म्हातारी सेलेस्टीन येऊन राहील आणि काम करेल. आठव्या प्रकरणात तर बेटावरच्या उन्हाळी घरांची मालकीण मादाम लब्रँ शिवणयंत्रावर बसली आहे. पायाने चालवायचं पेडल तिला चालवायचं नाही, तब्येतीला बरं नाही. म्हणून एक छोटी काळी मुलगी जमिनीवर बसून ते हातांनी चालवते आहे. वर गप्पा चालू आहेत, खिडकीतून समुद्र दिसतो आहे. प्रसंग एका पानाचाही नाही. मैत्रीण म्हणाली, हे वाक्य दोनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं.